थकलेल्या बिलाचा मेल: सभ्य, पण ठाम

‘चेक तयार आहे, फक्त सरांची सही राहिलीय.’ नव्याने धंद्यात पडलेल्या माणसाला हे वाक्य पहिल्यांदा ऐकून बरं वाटतं. तिसऱ्यांदा ऐकलं की कळतं, सही राहिलेली नाही, बिलच कुठेतरी पडून राहिलंय.

मी पुण्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करून देते आणि त्यांची पानंही लावून देते. ग्राहक बहुतेक कारखानदार. आम्ही इनमीन दोन माणसं, त्यामुळे वसुलीला वेगळा माणूस ठेवायचा प्रश्नच येत नाही. वसुली म्हणजे आमच्याकडे एक मेल, दुसऱ्या दिवशी एक फोन आणि लागलाच तर आणखी एक मेल. सुरुवातीला हे मेल मी फार वाईट लिहायचे. एक तर इतके गोड की त्यात पैसे मागितलेत हेच समजू नये, नाहीतर इतके तिखट की पुढचं काम गेलंच म्हणून समजावं. आता लिहिते तो मेल कसा असतो, हे एका खऱ्या बिलाच्या आधाराने सांगते. आकडे आणि क्रमांक थोडे बदललेत, प्रकार तोच आहे.

बिल असं होतं. पुस्तिकेच्या फायली दिल्या ३१ मे २०२५ ला. बिल पाठवलं ३ जूनला. काम ६४,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,५२० रुपये, एकूण ७५,५२०. पीओवर, म्हणजे ग्राहकाने दिलेल्या कामाच्या ऑर्डरवर लिहिलं होतं, बिलाच्या तारखेपासून ३० दिवस. म्हणजे ३ जुलैला पैसे यायला हवे होते. आले नाहीत.

आधी आपलंच घर तपासा

मेल लिहायच्या आधी अर्धा तास हातात बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसायचं. हे मी शहाणपणाने सांगत नाही, तोंडघशी पडल्यावर शिकले आहे. एकदा एका कंपनीला मी बराच कडक मेल पाठवला आणि तासाभरात दोन ओळींचं उत्तर आलं, सोबत पैसे भरल्याचा बँकेचा यूटीआर क्रमांक. पैसे नऊ दिवसांपूर्वीच आले होते. मी स्टेटमेंटमध्ये बिलाचा पूर्ण आकडा शोधत होते आणि त्यांनी टीडीएस, म्हणजे माझ्या नावचा आयकर, आधीच कापून रक्कम भरली होती. वर पैसे आले होते त्यांच्या मूळ कंपनीच्या नावाने, ते नाव मला ओळखीचं नव्हतं. माफी मागितली, पण पुढचे दोन महिने त्यांच्या लेखा विभागातल्या बाईंशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली यायचा.

तेव्हा शोधायचा तो हातात पडणारा आकडा. आमच्या या ग्राहकाकडे टीडीएस दहा टक्क्यांनी कापतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर लागतो, म्हणजे ६४,००० वर ६,४००. खात्यात यायला हवेत ६९,१२० रुपये. स्टेटमेंटमध्ये ७५,५२० शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाहीत.

दुसरी तपासणी बिलाची. पीओ क्रमांक बिलावर आहे का? ग्राहकाचा जीएसटी क्रमांक बरोबर आहे का? कंपनीचा एक कारखाना चाकणला आणि दुसरा गुजरातमध्ये असेल तर दोघांचे जीएसटी क्रमांक वेगळे असतात, आणि चुकीच्या क्रमांकावर फाडलेलं बिल लेखा विभाग पुस्तकात घेत नाही. गंमत अशी की ते परतही पाठवत नाहीत. नुसतं बाजूला ठेवतात. आपण इकडे वाट बघतोय, ते तिकडे दुरुस्त बिलाची वाट बघतायत, आणि दोघांनाही वाटतंय समोरचा ढिला आहे.

तिसरं, मुदत खरंच संपली आहे का. काही पीओंवर ‘बिल मिळाल्यापासून’ असं असतं, काहींवर ‘काम स्वीकारल्यापासून’. दिवस बोटांवर मोजा आणि तारीख लिहून काढा. मुदतीबद्दल लेखी काहीच ठरलेलं नसेल आणि तुमचा व्यवसाय सरकारच्या उद्यम नोंदणीखाली सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांची मुदत धरली जाते. लेखी ठरलेलं असलं तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. ‘आमच्याकडे ९० दिवसांचीच पद्धत आहे’ असं सांगणाऱ्या ग्राहकाला हे ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नसतं, एवढंच.

कोणाला पाठवायचा

तुम्हाला काम देणारा माणूस आणि तुमचे पैसे सोडणारा माणूस हे बहुधा एक नसतात. माझ्या बाबतीत काम दिलं खरेदी विभागातल्या सरांनी, पैसे देणार लेखा विभागातल्या मॅडम. नवखा माणूस ओळखीच्या माणसाला लिहितो, कारण तिथे संकोच वाटत नाही. तो माणूस ‘हो हो, सांगतो’ म्हणतो आणि विसरतो, कारण त्याच्या कामाच्या यादीत तुमचं पेमेंट नाही.

मेल लेखा विभागाला पाठवायचा आणि काम दिलेल्या माणसाला सीसीत ठेवायचं. पहिल्याच मेलला मालक किंवा संचालकांना सीसीत घालायचं नाही. ते हत्यार एकदाच चालतं, दुसऱ्या मेलसाठी राखून ठेवावं. आणि नवा मेल न लिहिता बिल पाठवलं होतं त्याच मेलला उत्तर म्हणून लिहायचं, म्हणजे ३ जूनला बिल गेलं होतं हे खाली आपोआप दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा, उत्तर देताना जुनी जोडपत्रं बरोबर जात नाहीत. बिल पुन्हा जोडावं लागतं.

वेळेचंही एक गणित आहे. साधारणपणे महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ आणि २० ला जीएसटीचे रिटर्न असतात. त्या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत लेखा विभागात तुमचा मेल कोणी उघडणार नाही, उघडला तरी ‘नंतर बघू’ म्हणून बंद करेल. सोमवार सकाळ आणि शुक्रवार दुपारही सोडून द्या. मी मंगळवारी अकराच्या सुमाराला पाठवते. या बिलासाठी तो मंगळवार होता १५ जुलै, मुदत उलटून बारावा दिवस. त्याआधी, ७ जुलैला, एक साधी आठवण पाठवून झाली होती. तिला उत्तर आलं नव्हतं. आता खरा मेल.

मेल

> विषय: बिल क्र. ०४७/२०२५-२६, रु. ७५,५२०, मुदत ३ जुलै: पेमेंटची तारीख कळवावी
>
> नमस्कार मॅडम,
>
> आपल्या पीओ क्र. ११८२ नुसार केलेल्या माहितीपुस्तिकेच्या मराठी अनुवादाचे व मांडणीचे बिल (क्र. ०४७/२०२५-२६) दि. ३ जून रोजी मेलने पाठवले होते. पीओत ठरल्याप्रमाणे ३० दिवसांची मुदत ३ जुलै रोजी संपली. आज सकाळपर्यंत ही रक्कम आमच्या खात्यात जमा झालेली दिसत नाही.
>
> कामाची रक्कम रु. ६४,०००
> जीएसटी रु. ११,५२०
> एकूण रु. ७५,५२०
> वजा टीडीएस (१० टक्के) रु. ६,४००
> येणे रु. ६९,१२०
>
> बिल, पीओ आणि काम मिळाल्याचा आपल्या खरेदी विभागाचा ३१ मेचा मेल सोबत जोडला आहे. बँक खाते बिलावर दिलेलेच आहे, त्यात बदल नाही.
>
> हे पेमेंट कोणत्या तारखेला होईल, ते शुक्रवार, १८ जुलैपर्यंत कळवावे. बिलात किंवा कागदपत्रांत काही त्रुटी असल्यास याच मेलवर सांगावे, त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवते. पेमेंट आधीच झाले असल्यास कृपया यूटीआर क्रमांक पाठवावा.
>
> आपली,
> (नाव, फोन क्रमांक)

एवढाच मेल. आता यातली एकेक गोष्ट अशी का आहे ते बघू.

विषयाच्या ओळीत ‘स्मरणपत्र’ किंवा ‘महत्त्वाचे’ असं काही नाही. लेखा विभागातल्या मॅडमना दिवसाला अशी वीस स्मरणपत्रं येतात. बिलाचा क्रमांक, रक्कम आणि तारीख विषयातच असली की मेल न उघडताही त्या सॉफ्टवेअरमध्ये बिल शोधू शकतात. दोन महिन्यांनी मला स्वतःला हा मेल शोधायचा असतो, तेव्हाही हीच ओळ उपयोगी पडते.

पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी आहेत: कोणतं काम, कोणतं बिल, कधी पाठवलं, मुदत कधी संपली. मेल वाचणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये, हा त्यामागचा हिशोब. तिने ‘पीओ क्रमांक काय?’ एवढं जरी विचारलं तरी दोन दिवस गेले. आणि हा मेल ती पुढे दुसऱ्या कोणालातरी पाठवणार असते. ज्याला पाठवेल त्याने आपलं नावही ऐकलेलं नसतं. त्याला जुनी मेलबाजी न वाचता सगळं कळायला हवं.

काम मिळाल्याचा मेल जोडण्याचं कारण वेगळं आहे. बिल थकलं की काही ठिकाणी अचानक आठवतं की कामात दोष होते. कायद्याने बघायचं तर काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. हे मेलमध्ये सुनावायचं नाही. ३१ मेचा मेल नुसता जोडायचा. समजणाऱ्याला समजतं.

बँक खात्यात बदल नाही, ही ओळ काही जणांना विचित्र वाटते. खोट्या मेलवरून ‘आमचं खातं बदललंय, नव्या खात्यात भरा’ असं सांगून पैसे लाटण्याचे प्रकार इतके झालेत की थकबाकीच्या मेलमध्ये नवा खाते क्रमांक दिसला की लेखा विभाग पेमेंट थांबवतो, आणि बरोबरच करतो. खातं खरंच बदललं असेल तर ते वेगळं, रद्द केलेल्या चेकसह, आधीच कळवून ठेवावं. पैसे मागायच्या मेलमध्ये तो विषय आणूच नये.

आणि सगळ्यांत महत्त्वाची ओळ: ‘कोणत्या तारखेला होईल ते १८ जुलैपर्यंत कळवावे.’ मी पैसे १८ जुलैपर्यंत मागितलेले नाहीत, तारीख मागितली आहे. पैसे सोडणं त्या मॅडमच्या हातात नसेलही, पण तारीख सांगणं असतं. उत्तर देता येईल अशी गोष्ट मागितली की उत्तर येतं. त्यांच्याकडे पेमेंट ठरावीक दिवशीच निघत असेल, समजा दर १० आणि २५ तारखेला, तर तेही या निमित्ताने कळतं आणि पुढच्या प्रत्येक बिलाला कामी येतं.

ठामपणा क्रियापदात असतो

मराठीत पैसे मागताना आपली फार पंचाईत होते, पण खरं सांगायचं तर या कामाला मराठी सोयीची भाषा आहे. ‘तुम्ही पैसे भरले नाहीत’ हा आरोप झाला. ‘रक्कम जमा झालेली दिसत नाही’ ही वस्तुस्थिती झाली, आणि चूक बँकेची, टपालाची, कोणाचीही असू शकते, एवढी जागा त्यात शिल्लक राहते. समोरच्याला मान खाली न घालता पैसे भरता येतात. पण वाक्य ढिलं पडत नाही, कारण शेजारी तारीख आणि आकडा उभे आहेत.

‘कळवा’ हे ऑफिसातल्या अनोळखी माणसाला थोडं तुटक लागतं. ‘कळवाल का?’ यात नाही म्हणायची सोय आहे. ‘कळवावे’ यात आदरही आहे आणि अपेक्षाही आहे. सरकारी वास येतो म्हणून नवीन मुलं हे रूप टाळतात, मला मात्र या एका जागी ते अगदी चपखल वाटतं.

काही शब्द मी हाताने काढून टाकते. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे, ती कोणाच्याच कॅलेंडरवर नसते. ‘आपल्या सवडीने’ असं लिहिलंत तर सवड मिळणार नाही. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ तर मुळीच नको, तसदी कोणी कोणाला दिली आहे? ‘वारंवार विनंती करूनही’ हे पहिल्या मेलमध्ये खोटं असतं आणि तिसऱ्यात नुसतं कुरकुरणं. त्याऐवजी ज्या तारखांना विनंती केली त्या तारखा लिहाव्यात. ‘कृपया’ एकदा पुरे, प्रत्येक ओळीत आला की तो गयावया होतो.

आणि आपल्या अडचणी लिहायच्या नाहीत. या बिलाचा जीएसटी मला २० जुलैला भरायचा होता, पैसे आलेले असोत वा नसोत. ११,५२० रुपये मी खिशातून भरले, आणि ते भरताना जे वाटतं ते मी इथे लिहू शकत नाही. पण मेलमध्येही लिहिलं नाही. घरभाडं, मुलांची फी, जीएसटी हे सगळं खरं असतं, पण मी पैसे मागतेय ते काम केलंय म्हणून, अडचणीत आहे म्हणून नव्हे. अडचण सांगितली की मागणी मदतीची होते, आणि मदत करणं ऐच्छिक असतं.

मेल इंग्रजीत लिहावा की मराठीत? ज्या भाषेत पीओ आणि आधीचा व्यवहार झाला त्या भाषेत. माझे निम्म्याहून जास्त ग्राहक इंग्रजीत लिहितात, त्यांना इंग्रजीतच जातो, क्रम मात्र हाच. एरवी मराठीत बोलणाऱ्या माणसाला थकबाकीचा मेल एकदम इंग्रजीत गेला तर तो मेल न वाटता नोटीस वाटते.

दुसऱ्या दिवशीचा फोन

मेल पाठवून गप्प बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, ‘मॅडम, काल बिल ०४७ बद्दल मेल पाठवलाय, मिळाला का? बिल बुक झालंय का?’ ‘पैसे कधी देताय’ यापेक्षा ‘बिल बुक झालंय का’ हा प्रश्न किती तरी जास्त माहिती देतो. बुक झालं असेल तर उशीर पैशांचा आहे. नसेल तर कागदाचा आहे, आणि तो आपल्याला सोडवता येतो.

इथे कागदाचाच निघाला. माल कारखान्यात आला की स्टोअरवाले तो उतरवून घेतात आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतात, मग बिल पुढे सरकतं. माझा माल म्हणजे मेलने आलेल्या फायली. त्या स्टोअरमध्ये उतरणार कशा? सेवेच्या कामाला जीआरएनऐवजी काम मिळाल्याची वेगळी नोंद खरेदी विभागाने करायची असते, ती सरांनी केली नव्हती. दीड महिना बिल त्यांच्या टेबलावर होतं आणि मॅडमना ते दिसतही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, ‘आज नोंद आली तर २५ च्या पेमेंटमध्ये घेते.’

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत त्याच मेलखाली तीन ओळी लिहिल्या: ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे, खरेदी विभागाकडून काम मिळाल्याची नोंद आज होणे आवश्यक आहे. ती झाल्यावर रु. ६९,१२० चे पेमेंट २५ जुलै रोजी होईल. सरांना सीसीत ठेवले आहे.’ सरांनी संध्याकाळी नोंद केली. फोनवरचा शब्द हवेत राहतो, असा उतरवून ठेवला की त्याला तारीख मिळते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे मागू नका, असं माझं मत आहे. ‘मेल पाठवलाय, बघावा’ एवढाच निरोप तिथे चालेल. दोन निळ्या खुणांकडे बघत रात्र काढण्यात काही अर्थ नाही.

२५ तारीख गेली तर

गेली. २५ ला काही आलं नाही. सोमवारी फोन केला तर ‘सर बाहेरगावी आहेत.’ मंगळवारी, २९ जुलैला, दुसरा मेल गेला. या वेळी सीसीत खरेदी विभागाचे प्रमुखही होते. याच ग्राहकाच्या दुसऱ्या पुस्तिकेचं कामही तेव्हा आमच्या हातात होतं.

> नमस्कार मॅडम,
>
> बिल क्र. ०४७/२०२५-२६ चे पेमेंट २५ जुलै रोजी होईल असे १६ जुलैला ठरले होते (खालील मेल पाहावा). आजपर्यंत रु. ६९,१२० जमा झालेले नाहीत. मुदत उलटून २६ दिवस झाले आहेत.
>
> आमचा व्यवसाय उद्यमखाली सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला असून नोंदणी क्रमांक बिलावर आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ व १६ नुसार मुदतीनंतर थकलेल्या रकमेवर व्याज लागू होते. मंगळवार, ५ ऑगस्टपर्यंत पूर्ण रक्कम जमा झाल्यास व्याजाची मागणी आम्ही करणार नाही.
>
> दुसऱ्या पुस्तिकेचे काम पहिल्या बिलाचे पेमेंट होईपर्यंत थांबवले आहे. पेमेंट झाल्यावर लगेच सुरू करून चार दिवसांत तयार फायली देऊ.
>
> आपली,

कलमांची नावं घेतली तरी सूर बदललेला नाही, हे बघा. कायदा हा इथे धमकी म्हणून नाही, बिलाच्या शेजारची आणखी एक वस्तुस्थिती म्हणून आहे. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढीने लागतं. त्या जुलैत बँक रेट ५.७५ टक्के होता, म्हणजे वर्षाला १७.२५ टक्के. ऐकायला मोठं वाटतं, पण ६९,१२० वर महिन्याचे हजारही होत नाहीत. त्या हजार रुपयांसाठी ग्राहक घाबरत नाही. पण ‘व्याज’ हा शब्द आला की मेल मॅडमच्या टेबलावरून त्यांच्या वरच्या माणसाकडे जातो, आणि आपल्याला तेच हवं असतं. ५ ऑगस्टपर्यंत भरलं तर व्याज नको, असं लिहिल्याने त्या वरच्या माणसालाही ‘वाचवले’ म्हणायला काहीतरी मिळतं.

खरा जोर मात्र शेवटच्या परिच्छेदात आहे. थांबलेलं काम त्यांनाही नडतं. फक्त ते थांबवण्याआधी पीओ वाचावा. काम उशिरा दिल्यास दंड, अशी अट असेल तर थांबवण्यापूर्वी लेखी कळवणं भाग आहे, नाहीतर दंड आपल्याच बिलातून कापला जाईल.

उद्यम नोंदणीबद्दल दोन गोष्टी. नोंदणी काम घेण्याआधीची असावी, बिल थकल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर विसंबू नये. आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम क्रमांक मिळतो, पण थकलेल्या पेमेंटचं हे संरक्षण मिळत नाही. ते वस्तू बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

हल्ली बरेच जण मेलमध्ये ‘४३बी (एच) लागू होईल’ असं ठोकून देतात. १९६१ च्या आयकर कायद्यातली ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षात दाखवता येतो. पण जुलैत हे लिहून काय उपयोग? बिलाचे पैसे त्याच आर्थिक वर्षात, अगदी ३० मार्चला दिले, तरी खर्च त्या वर्षात मिळतोच. लेखा विभागातल्या माणसाला हे पाठ असतं, तो मनात हसतो. हे वाक्य फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवावं. तेव्हा ते बरोबर लागू पडतं आणि लेखा विभाग स्वतःच थकलेल्या बिलांची यादी काढून बसलेला असतो.

याच्याही पुढे जायची वेळ आली तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते आणि ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. खरोखर करणार असाल तेव्हाच मेलमध्ये त्याचं नाव घ्या. घेऊन केली नाहीत तर पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच वाक्याला वजन उरत नाही. आणि ग्राहकाने कुठल्याही मेलमध्ये ‘रक्कम देणे आहे, थोडा वेळ द्या’ असं लिहिलं असेल तर तो मेल जपून ठेवा. दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, आणि त्या मुदतीत दिलेली लेखी कबुली ती नव्याने सुरू करते.

मला तिथवर जावं लागलं नाही. ५ ऑगस्टला दुपारी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, ६९,१२० जमा. तासाभरात मॅडमना मेल केला: ‘बिल ०४७ चे रु. ६९,१२० आज मिळाले. धन्यवाद. टीडीएसचे प्रमाणपत्र तयार झाल्यावर पाठवावे. दुसरी पुस्तिका शनिवारी देत आहोत.’ आणि सरांना वेगळा मेल केला, की यापुढच्या पीओवर काम मिळाल्याची नोंद कोण करणार त्याचं नाव लिहून द्यावं. त्यांनी स्वतःचंच नाव लिहून पाठवलं.